तिसरा क्यूब

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. "मावशी, आठ मेला प्रोजेक्टची ओरल आहे. रिपोर्ट सबमिट झालाय. एक्स्टर्नल काय काय विचारतात तेवढं सांग, मी पाठ करून टाकते."

तिचा विषय ऐकून मला हसू आलं. काँक्रीटमध्ये सिमेंटच्या जागी थोडी फ्लाय अॅश, म्हणजे कोळशाची बारीक राख. सिव्हिलच्या प्रत्येक कॉलेजात दरवर्षी एक तरी गट हा विषय घेतो. एकवीस वर्षांपूर्वी आमच्या गटानेही घेतला होता, आणि आता एक्स्टर्नल म्हणून जाते तिथे वर्षाला दोन-तीनदा तरी तो माझ्यासमोर येऊन बसतो. नाशिकच्या मुलांना तर राख शोधायलाही जावं लागत नाही, एकलहऱ्याचं औष्णिक वीजकेंद्र हाकेच्या अंतरावर आहे. विषय जुना असला म्हणून काही बिघडत नाही. उलट परीक्षकाला त्यातला कोपरान् कोपरा माहीत असतो, एवढं मात्र मुलांनी लक्षात ठेवावं.

"पाठ काही करू नकोस," मी म्हटलं, "रविवारी रिपोर्ट घेऊन ये. आणि लॅबमधली कच्ची वही पण आण. फोनमधले फोटो पुसले नसशील तर तेही हवेत."

"वही कशाला? सगळं रिपोर्टात आहे."

"म्हणूनच."

रविवारी ती आली. काळ्या रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं. मुंबईकडे याला ब्लॅक बुक म्हणतात. तिने पहिल्या पानापासून दाखवायला सुरुवात केली, तर मी रिपोर्ट उलटा करून शेवटून उघडला. बहुतेक एक्स्टर्नल असंच करतात. एका दिवसात आठ-दहा गट असतात, प्रस्तावना वाचायला वेळ कोणाला आहे? आधी निष्कर्ष, मग आलेख, मग ज्या तक्त्यावरून आलेख काढला तो तक्ता. या तीन पानांचं एकमेकांशी जमतंय का, हे दोन मिनिटांत कळतं आणि पहिला प्रश्न तिथूनच निघतो.

पण त्याही आधी एक-दोन साधे प्रश्न असतात. ते कुठल्याच गाइडमध्ये छापलेले नसतात, म्हणून मुलं त्यांची तयारी करत नाहीत. मी तिला विचारलं, "तुमचा एक क्यूब किती वजनाचा होता?"

"आठ किलो... आठ-दोनशे, आठ-अडीचशे असा."

"आणि मशीनमध्ये तुटायला किती वेळ लागायचा?"

तिने डोळे मिटले. "दोन मिनिटं तरी. जास्तच. काटा हळूहळू चढायचा."

बास. मला जे हवं होतं ते मिळालं. १५० मिलिमीटरचा क्यूब म्हणजे काँक्रीटचा सव्वाआठ किलोचा ठोकळा, ताकद तपासायला मशीनमध्ये दाबून फोडतात तो. टाकीतून ओला काढून मशीनपर्यंत न्यायला लागतो, ज्याने चोवीस वेळा नेलाय तो हे वजन विसरत नाही. दाब किती वेगाने वाढवायचा हे आयएस ५१६ या भारतीय मानकात दिलंय, मिनिटाला साधारण १४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. या क्यूबसाठी ते सेकंदाला पाच किलोन्यूटनच्या थोडं वर जातं. म्हणजे साडेसातशे किलोन्यूटनला तुटणारा क्यूब जवळजवळ अडीच मिनिटं घेणारच. "दहा सेकंदांत तुटतो सर" असं म्हणणारा एक तरी मुलगा दर वर्षी भेटतो. तो एकदाही मशीनजवळ उभा राहिलेला नसतो, किंवा ऑपरेटरने व्हॉल्व्ह पूर्ण उघडून घाईत क्यूब फोडलेले असतात. दोन्हीपैकी काहीही असलं तरी पुढचे आकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागते. कारण दाब भराभर वाढवला की काँक्रीट आहे त्यापेक्षा बळकट दिसतं.

भाचीच्या गटातल्या चौथ्या मुलाचं नाव काढल्यावर ती गप्प झाली. तो फक्त टायपिंगला होता म्हणे. मी म्हटलं, त्याला आठ तारखेपूर्वी एकदा लॅबमध्ये ने, क्यूब उचलायला लाव. आणि "तू काय केलंस?" असं विचारलं तर टायपिंग आणि आलेख मी केले, असंच सांगू दे. आलेख ज्याने काढला त्याला आकडे नीट माहीत असायला हवेत, एवढंच.

आता माझं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळणार नाही. आमच्या रिपोर्टात साहित्याच्या प्रकरणात लिहिलं होतं, सिमेंट: ओपीसी ५३ ग्रेड. ते वाक्य आम्ही आदल्या वर्षीच्या सीनियरांच्या रिपोर्टातून जसंच्या तसं उचललं होतं. सिमेंट मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलं होतं, दुकानदाराने दिलं ते. एक्स्टर्नल वयस्कर होते. त्यांनी परिशिष्टातला फोटो उघडला. त्यात आम्ही चौघं गोणीवर पाय ठेवून उभे होतो. त्यांनी चष्मा वर केला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, "या गोणीवर आयएस किती लिहिलंय?"

१४८९ लिहिलं होतं. म्हणजे पीपीसी. म्हणजे ओपीसीसारखं साधं नव्हे, तर ज्या सिमेंटमध्ये कारखान्यातच फ्लाय अॅश घातलेली असते, असं सिमेंट.

त्यांनी मग शांतपणे फळ्यावर हिशोब मांडला. पीपीसीत १५ ते ३५ टक्के राख चालते. समजा यात २५ आहे. तुम्ही शंभर किलो सिमेंटमधलं वीस काढलंत आणि वीस किलो राख घातलीत. उरलेल्या ऐंशी किलोत पाव हिस्सा, म्हणजे वीस किलो, आधीच राख होती. तर एकूण किती झाली? चाळीस. "मग तुमच्या आलेखाच्या खालच्या रेघेवर वीस लिहिलंय ते कशाचं?" मी म्हटलं, "सर, दुकानदाराने चुकीची गोणी दिली." माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट उत्तरांत ते बसेल. दुकानदाराने गोणी दिली होती, रिपोर्टात ओपीसी मी लिहिलं होतं.

मार्क्स बरे पडले, पण ती खालची रेघ आजही डोळ्यांसमोर आहे. म्हणून भाचीला पहिली गोष्ट करायला लावली ती ही: रिपोर्टातला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक नाव घ्यायचं आणि कच्च्या वहीत, बिलात किंवा फोटोत ते शोधायचं. सापडलं की बारीक टिक. तिचं सिमेंट खरंच ओपीसी निघालं, बिलावर होतं. एम२५, म्हणजे २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीच्या काँक्रीटसाठी टार्गेट स्ट्रेंग्थ ३१.६ लिहिली होती, तीही बरोबर. २५ अधिक १.६५ गुणिले ४, यातला ४ म्हणजे निकालांचं प्रमाण विचलन. हा १.६५ कुठून आला, हे हमखास विचारतात. शंभरातले पाचाहून जास्त निकाल २५ च्या खाली जाऊ नयेत म्हणून सरासरी तेवढी वर धरायची, इतकं सांगता आलं तरी पुरे. अर्ध्या तासात तीस-चाळीस टिक झाल्या. मग आम्ही आलेखाशी आलो.

अठ्ठावीस दिवसांचे सरासरी निकाल असे होते. राख नसलेलं काँक्रीट ३२.७, दहा टक्क्यांना ३२.०, वीस टक्क्यांना २८.९, तीस टक्क्यांना २९.४. आलेखाची रेघ वीसवर खड्ड्यात जाऊन तीसला पुन्हा वर येत होती. खाली निष्कर्ष: "फ्लाय अॅशचे इष्टतम प्रमाण १० टक्के आहे, त्यापुढे ताकद झपाट्याने घटते."

"हा खड्डा का?" मी विचारलं.

तिच्याकडे उत्तर तयार होतं. राख वाढली की चुना कमी पडतो, अभिक्रिया मंदावते, वगैरे. शब्द सगळे बरोबर होते. मी म्हटलं, "मग तीस टक्क्यांना चुना परत कुठून आला?"

ती बघत राहिली. ओरलमध्ये गोंधळ उडतो तो याच जागी. मुलांना शास्त्र येत नाही असं नसतं. जो आकडा मुळात शास्त्राने आलेलाच नाही, त्याच्या गळ्यात ती शास्त्र बांधायला जातात.

वही उघडली. वीस टक्क्यांचे तीन क्यूब ५ मार्चला ओतलेले, २ एप्रिलला फोडलेले. पहिला ७०० किलोन्यूटन, दुसरा ७१२, तिसरा ५४०. क्यूबचं तोंड २२,५०० चौरस मिलिमीटरचं, तेव्हा भागाकार केला की ३१.१, ३१.६ आणि २४.०. रिपोर्टात हे तीन आकडे नव्हतेच, फक्त सरासरी छापली होती. आणि त्या एका सरासरीनेच रेघेला खड्डा पाडला होता. पहिले दोनच धरले असते तर साडेएकतीसच्या जवळपास आकडा येऊन ३२.७, ३२.०, ३१.४, २९.४ अशी रेघ हळूहळू उतरताना दिसली असती.

भाचीचे डोळे चमकले. "मग तिसरा काढून टाकते ना!"

इथे मी तिला थांबवलं. तिसरा क्यूब आपल्याला आवडला नाही म्हणून काढता येत नाही. आयएस ४५६ म्हणतं की तिघांच्या सरासरीपासून कुठलाही एक क्यूब १५ टक्क्यांहून जास्त दूर असता कामा नये. असला तर तो निकाल अवैध. २४.० हा आकडा २८.९ पासून सतरा टक्के खाली आहे. म्हणजे बाद होतो तो अख्खा नमुना, एकटा तिसरा क्यूब नव्हे. वीस टक्क्यांचा अठ्ठावीस दिवसांचा निकाल त्यांच्याकडे नाहीच. साडेएकतीसही नाही आणि २८.९ही नाही.

"मग आमचा निष्कर्ष?"

"तो गेला."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मी चहा टाकला.

चहा पिताना आम्ही तिसऱ्या क्यूबच्या मागे लागलो. नीट ठोकून न भरल्यामुळे आत पोकळ्या राहिल्या असतील का? तसं असतं तर वजन कमी भरलं असतं. वहीत तिघांची वजनं होती: ८.२४, ८.२७, ८.२१. म्हणजे पोकळ्यांवर फारसं ढकलता येत नाही. मग फोनमधले फोटो. प्रत्येक क्यूब मशीनमध्ये ठेवल्यावर त्यांनी एकेक फोटो काढला होता, ते फार बरं केलं. पहिल्या फोटोत क्यूबच्या समोरच्या बाजूवर मार्करने लिहिलेलं एफ२०-१ दिसत होतं. दुसऱ्यात एफ२०-२. तिसऱ्या फोटोत समोरची बाजू कोरी, गुळगुळीत.

हे नंबर लिहितात ते साच्याच्या उघड्या तोंडावर, जिथे थापीने सपाट केलेलं असतं तिथे. ती बाजू कितीही सारखी केली तरी जराशी उंचसखल राहते. बाकीच्या बाजू लोखंडी साच्याला टेकलेल्या, म्हणून काचेसारख्या. मशीनच्या प्लेटा या गुळगुळीत बाजूंवरच टेकायला हव्यात, आणि थापीची बाजू आडवी, म्हणजे समोर, मागे किंवा कडेला यायला हवी. ती वर गेली तर प्लेट आधी उंचवट्यांवर टेकते, दाब सगळीकडे सारखा पडत नाही, आणि क्यूब लवकर तुटतो. तुटल्यावरच्या फोटोतही फरक दिसत होता. पहिले दोन चारही बाजूंनी ढलपे निघून मध्ये बारीक झालेले, डमरूसारखे. तिसऱ्याची एकच बाजू उभी फाटलेली, दुसरी जवळजवळ शाबूत.

"म्हणजे उलटा ठेवला होता!" ती म्हणाली.

"तसं वाटतं. पण नंबर मागच्या बाजूलाही असू शकतो. फोटोवरून एवढंच म्हणता येईल की क्यूब चुकीच्या तोंडावर ठेवला गेला असण्याची शक्यता आहे."

त्या दिवशी मशीनवर कोण होतं, हे तिला लगेच आठवलं. संध्याकाळी गटाच्या ग्रुपवर वादही झाला म्हणे, तुझ्यामुळे आलेख गेला वगैरे. मी तिला एवढंच सांगितलं की आत गेल्यावर "आम्ही" म्हणायचं. सही चौघांची आहे. परीक्षकासमोर एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या गटाचं काय होतं ते मी पाहिलंय: मग प्रत्येकाला वेगळं काढून विचारतात.

दुसरा प्रश्न होता, हे आपणहून सांगायचं की विचारेपर्यंत गप्प बसायचं. तिच्या मैत्रिणीचं मत होतं, त्यांच्या लक्षातच आलं नाही तर? माझं मत वेगळं. आलेखातला खड्डा दुरून दिसतो. त्यांनी विचारल्यावर सांगितलं की तो खुलासा वाटतो, आणि निकालाच्या स्लाइडवर आपणच सांगितलं की ते काम वाटतं. फक्त आधी आपल्या गाइडना जाऊन भेटा, त्यांना आत बसल्यावर पहिल्यांदा कळता कामा नये. गाइडनी एका पानाचं शुद्धिपत्र रिपोर्टाला जोडायला परवानगी दिली. त्यात तिन्ही क्यूबचे आकडे आणि सुधारलेला निष्कर्ष आला.

तो निष्कर्ष लिहिताना आम्ही जास्त वेळ घालवला. "इष्टतम दहा टक्के" हे गेलंच. सात दिवसांचे आकडे पुढ्यात ठेवले. राखेविना २२.४, तीस टक्क्यांना १५.८. म्हणजे राखेविना काँक्रीटने अठ्ठावीस दिवसांतल्या ताकदीपैकी अडुसष्ट टक्के पहिल्या सात दिवसांत मिळवली होती, तीस टक्केवाल्याने चोपन्नच. राख उशिरा कामाला लागते हे इथे दिसतं. सिमेंट आणि पाण्याच्या अभिक्रियेतून आधी चुना सुटावा लागतो, मग राखेतली सिलिका त्याच्याशी जोडली जाते. म्हणून अठ्ठावीस दिवसांवर थांबलेल्या प्रोजेक्टला तीस टक्के वाईट, असं म्हणायचा अधिकारच नाही. "५६ आणि ९० दिवसांना का नाही तपासलं?" हा प्रश्न येणारच होता. त्याचं उत्तर एका वाक्याचं: ५६ वा दिवस ३० एप्रिलला येत होता आणि सबमिशन २१ ला होतं. त्यात लाज कसली? उशिरा ओतलं, एवढं मान्य करावं आणि त्यामुळे आपल्याला काय म्हणता येत नाही ते सांगावं.

मग आम्ही सराव केला. मी एक्स्टर्नल, ती टेबलापलीकडे. पहिल्यांदा खड्ड्याबद्दल विचारलं तर ती चार मिनिटं बोलली, साच्याला तेल लावण्यापासून. दुसऱ्यांदा दोन मिनिटं. पाचव्यांदा असं झालं: "वीस टक्क्यांचा तिसरा क्यूब सरासरीहून सतरा टक्के खाली आहे, त्यामुळे आयएस ४५६ प्रमाणे तो नमुना अवैध धरावा लागतो. वजन ठीक आहे. फोटोवरून तो थापीच्या तोंडावर ठेवला गेला असावा असं वाटतं, पण खात्री नाही. म्हणून वीस टक्क्यांबद्दल आम्ही निष्कर्ष काढलेला नाही." एवढं बोलून तिने तोंड मिटलं. ते मिटणंच जमत नव्हतं. समोरचा गप्प बसला की मुलांना वाटतं उत्तर पुरलं नाही, आणि पुढच्या वाक्यात ती नको ते बोलून जातात. परीक्षक बऱ्याचदा नुसते मार्क लिहीत असतात.

आठ तारखेला दुपारी फोन आला. खड्ड्याबद्दल विचारलं का, या माझ्या प्रश्नाला उत्तर आलं, "मी स्लाइडवरच सांगितलं ना, मग त्यांनी फोटो मागितले. मोठे करून बघितले. मग चौथ्याला विचारलं, क्यूब किती वजनाचा?"

"आणि?"

"आठ किलो दोनशे. आदल्या दिवशीच उचलला होता त्याने."

उचललेला क्यूब कुठला, ते मला तेव्हा कळलं. वीस टक्क्यांचं मिश्रण ओतताना थोडं उरलं होतं, ते त्यांनी चौथ्या साच्यात भरून ठेवलं होतं. तो क्यूब अजून टाकीत पडून होता. एक्स्टर्नल म्हणाले होते, नव्वद दिवसांना फोडा, पण एका क्यूबने काही सिद्ध होत नाही, त्यावर काही लिहू नका.

नव्वद दिवस ३ जूनला भरले. परीक्षा संपून कॉलेज रिकामं झालं होतं, तरी चौघं गेले. मला फक्त एक फोटो आला. ७९२ किलोन्यूटन, खाली तिने लिहिलं होतं, ३५.२. मी आकडा नंतर पाहिला. आधी क्यूब पाहिला. समोरच्या बाजूवर, पाण्याने फिका झालेला, एफ२०-४.